शब्दांच्या जातींची आठ कडवी: व्याख्या नको, खूण हवी

प्रश्न: सहावीला मराठी शिकवते. शब्दांच्या आठ जातींवर प्रत्येकी एक यमक जुळणारं कडवं करायचं आहे. दोन-तीन कडवी करून पाहिली, मुलांना तोंडपाठ झाली, पण वाक्य दिलं की जात ओळखता येत नाही. कडवी कशी रचावीत?

उत्तर:

तुमच्या कडव्यांत व्याख्या असणार, असा माझा अंदाज आहे. बहुतेकांच्या असतात, कारण पुस्तकात व्याख्या समोरच असते आणि ती यमकात बसवणं सोपं असतं. उदाहरणार्थ, असं काहीतरी:

क्रिया दाखवी जो शब्द
क्रियापद त्याला म्हणा

पाठ होतं, चालीवर म्हणताही येतं. आता मुलाला वाक्य द्या: ‘धावणे आरोग्याला चांगले असते.’ मूल ‘धावणे’खाली रेघ मारतं. त्याने कडव्याचं अगदी बरोबर ऐकलेलं असतं. धावणे ही क्रिया आहेच, कडव्याने सांगितलं तसं त्याने केलं. फक्त या वाक्यात ‘धावणे’ नाम आहे आणि क्रियापद ‘असते’ हे आहे. शब्दाची जात त्याच्या अर्थावरून ठरत नाही, वाक्यात तो काय काम करतो त्यावरून ठरते. व्याख्येच्या कडव्यात हे येत नाही. म्हणून कडव्यात व्याख्येऐवजी खूण घालावी: मुलाने वाक्यावर करून पाहायची एखादी कृती. काहीतरी लावून बघ, काढून बघ, बदलून बघ, प्रश्न विचार. मग कडवं म्हणणं आणि जात ओळखणं ही एकच गोष्ट होते.

छंदाचं आधी सांगते. सहावीसाठी अष्टाक्षरी घ्या. एका ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. मुलं बोटांवर मोजून स्वतः तपासू शकतात. एक अडचण येते: बोलताना आपण शब्दातला ‘अ’ गिळतो. ‘बसतो’ आपण ‘बस्तो’ असं म्हणतो, पण छंदात ती तीन अक्षरं आहेत. म्हणून पहिल्यांदा म्हणवून घेताना प्रत्येक अक्षराला एक टाळी द्यावी, म्हणजे गिळलेलं अक्षर परत येतं.

रचताना शेवटापासून सुरुवात करा. जातीचं नाव शेवटच्या ओळीत यावं, म्हणजे ते यमकाच्या ठोक्यासरशी लक्षात राहतं. आता नावांची लांबी बघा. नाम दोन अक्षरांचं, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि शब्दयोगी चार-चार अक्षरांची, उभयान्वयी पाच, क्रियाविशेषण आणि केवलप्रयोगी सहा-सहा. सहा अक्षरं नावातच गेली की ओळीत दोनच उरतात, म्हणजे यमकाचा शब्दही दोन अक्षरीच हवा. तो आधी शोधायचा आणि दुसरी ओळ त्याच्याशी जुळवून घ्यायची. ‘अव्यय’ हा शब्द मात्र कडव्यात बसवायच्या भानगडीत पडू नका. ‘केवलप्रयोगी अव्यय’ नऊ अक्षरांचं होतं, ओळीतच मावत नाही. पूर्ण नाव फळ्यावर लिहा, कडव्यात आखूड चालेल.

नामापासून सुरू करू.

हा, ही, हे आधी लावून
शब्द बसतो का ठाम?
ही भीती आणि हे ऊन,
बसला, तर ते नाम!

इथे ‘भीती’ मुद्दाम घेतली आहे. मुलांना मुलगा, नदी, झाड ही नामं कळतात. राग, गोडी, भीती इथे ती अडखळतात, कारण या गोष्टी हातात धरता येत नाहीत. ‘ठाम’ या शब्दावरही थोडं थांबा. विशेषणाआधी ‘हे’ लावलं तर तेही बसल्यासारखं वाटतं: ‘हे गोड...’ पण ऐकणारा लगेच विचारतो, गोड काय? वाक्य लोंबकळत राहतं. ‘हे ऊन’ म्हटलं की असा प्रश्न उरत नाही. हा फरक मुलांना कानाने कळतो, समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही मोठ्याने म्हणायला लावा, एवढं पुरतं.

नामाच्या पाठोपाठ क्रियापद घ्या. पाठ्यपुस्तकातला क्रम इथे पाळू नये असं माझं मत आहे, कारण ही दोन सापडली की वाक्याचा सांगाडा हाती येतो आणि बाकीच्या जाती या दोघांच्या आधाराने शोधता येतात.

‘काल’ काढ, ‘उद्या’ घाल,
शब्द कोणता बदले?
‘पडला’ होतो ‘पडेल’,
क्रियापद सापडले!

यमक जरा सैल आहे, पण खूण पक्की आहे. ‘धावताना मुलगा पडला’ या वाक्यात दोन शब्द क्रिया दाखवतात. वाक्य उद्यावर ढकला: ‘धावताना मुलगा पडेल.’ ‘धावताना’ जागचं हललं नाही, ‘पडला’ बदललं. क्रियापद तेच. ‘धावणारा मुलगा पडला’, ‘धावणे चांगले असते’ ही वाक्यंही याच खुणेने सुटतात. धातूपासून झालेल्या या शब्दांना पुस्तकात धातुसाधित म्हणतात, पण सहावीत ते नाव नाही सांगितलं तरी बिघडत नाही. हा गोंधळ जुनाच आहे. प्राचीन काळी यास्काने ‘निरुक्त’ या संस्कृत ग्रंथात नाम आणि आख्यात, म्हणजे क्रियापद, वेगळे करताना हाच पेच सोडवला आहे: क्रिया घडत असताना सांगितली की ‘पचति’, म्हणजे शिजवतो, तीच गोठून वस्तूसारखी झाली की ‘पक्ती’, म्हणजे शिजवणं. त्या काळी जिथे खुलासा करावा लागला तिथेच आपलं सहावीतलं मूल अडखळतं, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता पुढचं महत्त्वाचं: उरलेली सहा कडवी सुटी सुटी रचू नका. कोणती जात कोणत्या जातीशी गल्लत करते ते बघून जोड्या लावा आणि जोडीतली कडवी एकमेकांकडे बोट दाखवतील अशी करा.

पहिली गल्लत ‘तो’ या शब्दाची. ‘तो आला’ इथे सर्वनाम, ‘तो मुलगा आला’ इथे विशेषण. ‘मी, तू, तो, हा, जो ही सर्वनामे’ अशी यादी पाठ केलेलं मूल दोन्हीकडे सर्वनामच लिहितं. म्हणून सर्वनामाच्या कडव्यात अटच घालून टाका.

नाम घेते जेव्हा रजा,
‘तो’, ‘ती’ करतात काम;
सोबत नाम नसेल,
तरच ते सर्वनाम!

तिसरी ओळ या कडव्याचा प्राण आहे. ‘तो मुलगा’ समोर आलं की मुलांना ती ओळ म्हणायला लावा आणि विचारा, नाम रजेवर आहे का? मुलगा तर शेजारीच उभा आहे.

दुसरी गल्लत विशेषण आणि क्रियाविशेषण यांची. दोघांसाठीही ‘कसा?’, ‘किती?’ हेच प्रश्न विचारले जातात. फरक आहे तो प्रश्न कुणाला विचारला त्यात. म्हणून दोन्ही कडव्यांची दुसरी ओळ जवळजवळ सारखी ठेवली आहे, बदलतं ते फक्त ज्याला विचारायचं त्याचं नाव.

कसे फूल? किती फुले?
प्रश्न नामाला विचार;
जे येईल उत्तरात,
विशेषण! ‘लाल’, ‘चार’.

आणि

कसा? कुठे? कधी? किती?
क्रियापदाला विचार;
क्रियाविशेषणे अशी:
हळूहळू, वारंवार!

ही दोन कडवी एकाच तासाला घ्या. वर्गाचे दोन भाग करून आलटून पालटून म्हणवली की दुसऱ्या ओळीतला फरक आपोआप ठसतो. ‘लाल’ नामाच्या मागे गेलं तरी खूण चालते: ‘फूल लाल आहे’ यात कसे फूल? लाल. विशेषण नामाच्या आधीच येतं असं पाठ केलेली मुलं इथे चुकतात.

एका वाक्यापुढे मात्र ही खूण थकते: ‘मुलगा चांगला गातो.’ कसा मुलगा? चांगला. कसा गातो? चांगला. दोन्हीकडून उत्तर येतं. वर ‘मुलगी चांगली गाते’ असा शब्द बदलतो, म्हणजे हे अव्ययही नव्हे. इथे मुलांना विचारायचं, मुलगा स्वभावाने वाईट असला तरी हे वाक्य खरं ठरेल का? ठरेल. म्हणजे चांगलं आहे ते गाणं, मुलगा नव्हे. म्हणून ते क्रियाविशेषण. चर्चेला हे वाक्य छान आहे, पण सहावीच्या चाचणीत देऊ नका.

तिसरी गल्लत सगळ्यात चिवट आहे: क्रियाविशेषण आणि शब्दयोगी. खाली, वर, पुढे, मागे, आत, बाहेर हे शब्द दोन्ही घरांत राहतात. शब्दयोगीचं कडवं साधारणपणे कसं सुचतं ते दाखवते. ‘योगी’ला यमक शोधलं की ‘उपयोगी’ पटकन हाताशी येतं आणि मग असं कडवं तयार होतं:

झाडाखाली, घरापुढे,
एकटा ना उपयोगी;
नामाला जो चिकटतो
तोच खरा शब्दयोगी!

कानाला हे माझ्या बाकीच्या कडव्यांपेक्षाही गोड लागेल. अक्षरं आठ, यमक चोख. पण दुसरी ओळ चुकीचं शिकवते. ‘खाली’ एकटा असला तरी उपयोगी असतोच: ‘खाली बस.’ फक्त तेव्हा तो शब्दयोगी राहत नाही, क्रियाविशेषण होतो. हे कडवं पाठ केलेल्या मुलाला ‘खाली बस’मधल्या ‘खाली’ला काय म्हणावं तेच कळत नाही, आणि सवयीने ते शब्दयोगीच लिहितं. यमकाने अर्थाला ओढत नेल्याची ही खूण: ओळ सुंदर आहे, पण तिच्याविरुद्ध जाणारं वाक्य मिनिटभरात सापडतं. प्रत्येक ओळ रचून झाली की असं उलटं वाक्य शोधून बघायचं, आणि ते सापडलं तर यमक कितीही आवडलं तरी सोडून द्यायचं.

म्हणून ‘योगी’ शेवटून उचलला आणि नाव ओळीच्या सुरुवातीला घेतलं. एकच ‘खाली’ दोन्ही रूपांत एकाच कडव्यात ठेवला.

‘खाली बस’, सुटा ‘खाली’,
क्रियाविशेषण मान;
‘झाडाखाली’, जोडलेला,
शब्दयोगी, ठेव भान!

नाद थोडा कमी झाला, पण आता एकाच कडव्यात दोन्ही जाती वेगळ्या ओळखता येतात. म्हणताना एक सांभाळा. अष्टाक्षरीत चार अक्षरांनंतर किंचित थांबायची सवय असते आणि ‘क्रियाविशेषण’ हा शब्द तिथे मधोमध तुटतो. या ओळीत न थांबता सरळ म्हणायला लावा. ‘जोडलेला’ म्हणजे काय तेही फळ्यावर दाखवा: झाड, झाडा, झाडाखाली. नामाचं आधी सामान्यरूप होतं, मग शब्दयोगी लागतो. ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ हे शब्दयोगी मात्र सामान्यरूप न करताच लागतात: रामच, रामसुद्धा. कडव्यात हे नाही आणि घालूही नये. एवढं तोंडी सांगावं.

उरलेली जोडी सोपी आहे, तिथे फार वेळ घालवायला नको. उभयान्वयी काढला की वाक्य तुटतं, केवलप्रयोगी काढला तरी वाक्य शाबूत राहतं. दोन्हींची खूण एकच, निकाल उलट.

काढ, होती दोन भाग,
मधला मोडतो पूल;
‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’, ‘तर’,
उभयान्वयी, कबूल?

आणि

अबब! अरेरे! छे! छे!
वाक्यापासून जो दूर;
काढला, तरी ते पूर्ण,
केवलप्रयोगी सूर!

‘कबूल?’ हा प्रश्न बाईंनी विचारायचा आणि वर्गाने ओरडून उत्तर द्यायचं. यातून व्याकरण काही शिकायला मिळत नाही, पण दुपारच्या तासाला वर्ग जागा राहतो.

आता आठही कडव्यांची एकत्र परीक्षा. त्यासाठी सगळ्या जाती येतील असं वाक्य हवं. हे घ्या:

अरेरे! तो लाल पतंग झाडावर अडकला आणि आम्ही वर बघत राहिलो.

मुलांना पहिल्या शब्दापासून सुरू करू देऊ नका. आधी क्रियापद. वाक्य उद्यावर ढकला: ‘अडकेल... बघत राहू.’ बदलले ‘अडकला’ आणि ‘राहिलो’. मुलं ‘राहिलो’ एकटंच लिहितील, कारण ‘बघत’ बदललं नाही. तेव्हा ‘बघत’ काढून वाचायला सांगा: ‘आम्ही वर राहिलो.’ अर्थच पालटला, जणू आम्ही वरच्या मजल्यावर राहायला होतो! म्हणून ‘बघत राहिलो’ मिळून एक संयुक्त क्रियापद धरायचं. ही कडव्याची मर्यादा आहे आणि ती असं वाक्य आलं की सांगावी, आधी सांगून घाबरवू नये.

मग नामं: ‘हा पतंग’, ‘हे झाड’ ठाम बसतात. ‘झाडावर’ असं एकत्र लिहिलेलं असल्याने काही मुलं तो एकच शब्द मानतात. त्यातून ‘झाड’ आणि ‘वर’ वेगळे करून दाखवा: जोडलेला ‘वर’, म्हणून शब्दयोगी. पुढे ‘वर बघत राहिलो’ यात तोच ‘वर’ सुटा आहे. कुठे बघत राहिलो? वर. क्रियाविशेषण. कडव्यात ‘खाली’ होता आणि इथे ‘वर’ आला, हे मुद्दाम केलं आहे. मुलाला खूण कळली की फक्त ‘खाली’ हा शब्द पाठ झाला, ते इथे दिसतं. ‘तो’च्या शेजारी (मध्ये ‘लाल’ असला तरी) पतंग आहे, म्हणून तो विशेषण. ‘आम्ही’च्या सोबत नाम नाही, म्हणून सर्वनाम. कसा पतंग? लाल. ‘आणि’ काढला की वाक्याचे दोन भाग होतात, ‘अरेरे’ काढला तरी काही बिघडत नाही.

तपासताना नुसती जात विचारू नका, ‘कोणत्या ओळीमुळे?’ असं विचारा. ज्या मुलाला कडवं खरंच उपयोगी पडतंय ते ‘सोबत नाम नसेल’ अशी नेमकी ओळ सांगतं. ज्याने नुसती चाल पाठ केली ते पहिल्या शब्दापासून अख्खं कडवं म्हणत सुटतं आणि शेवटी जातीच्या नावावर येऊन थांबतं. अशा मुलांसाठी कडवी मधूनच सुरू करायची सवय लावा: बाई तिसरी ओळ म्हणतील, मुलांनी चौथी पूर्ण करायची. लेखी परीक्षेत मनातल्या मनात आठ कडवी म्हणायला वेळ नसतो, तिथे खुणेची एकच ओळ आठवायला हवी.

आठवड्याला एका जोडीपेक्षा जास्त घेऊ नका. शब्दयोगीच्या कडव्यानंतर तर मध्ये चार-पाच दिवस नुसती वाक्यं द्या: ‘पुढे चल’ आणि ‘घरापुढे’, ‘आत ये’ आणि ‘डब्यात’. शेवटच्या जोडीत मात्र मुलांना फसवायला जागा आहे, ते आधीच बघून ठेवा. ‘डब्यात’मधला ‘त’ हा विभक्तिप्रत्यय आहे, शब्दयोगी नव्हे. प्रत्यय सुटा करून म्हटला तर त्याला स्वतःचा अर्थ राहत नाही, ‘पुढे’ला राहतो. ‘डब्याच्या आत’ असं लिहिलं की ‘आत’ शब्दयोगीचंच काम करतो, पण मध्ये ‘च्या’ आल्यामुळे वेगळा लिहिला जातो, आणि कडव्यातला ‘जोडलेला’ हा शब्द डोळ्यांनी तपासणारं मूल तिथे क्रियाविशेषण लिहून मोकळं होतं. त्याला विचारायचं, ‘कशाच्या आत?’ वाक्यातच उत्तर असेल तर तो त्या नामाला जोडलेला आहे, लिहिताना जागा सोडली असली तरी.